लेखकांशी संपर्क न साधता

रुग्णालयात त्यांना सगळे ‘सावकाश बाई’ म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते फक्त पगाराच्या वेळी कुणाला तरी आठवायचं. फिजिओथेरपीच्या मोठ्या खोलीत दिवसभर त्यांचा आवाज घुमत असे, “सावकाश, आजोबा, सावकाश. घाई कुणाला आहे?” घाई खरं तर बाईंनाच असायची. घरी सासरे, नवरा, धुण्याचं मशीन आणि शिकायला बाहेरगावी असलेल्या लेकीचे फोन. पण एखादा म्हातारा जीव भिंतीचा आधार सोडून पहिलं पाऊल टाकू लागला, की बाईंना घड्याळ दिसेनासं व्हायचं.

अशा बाईंच्या गळ्यात विभागप्रमुखांनी एक संशोधन घातलं. सर माणूस हुशार, बोलण्यात गोड आणि कामाला जुंपण्यात पटाईत. एकदा तरी पडलेल्या वृद्धांचे दोन गट करायचे. एका गटाला तोल सांभाळायचे व्यायाम द्यायचे, दुसऱ्याला खुर्चीत बसून करायचे. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांना एका यंत्राच्या पाटीवर उभं करायचं आणि शरीर किती डोलतं ते मोजायचं. मोजणाऱ्याला कोण कुठल्या गटातलं ते ठाऊक नसायचं, त्यामुळे त्या बाजूनं शंकेला जागा नव्हती. व्यायाम घेणारे दोघेच. अर्ध्याहून जास्त म्हातारे बाईंकडे आणि उरलेले एका तरुण सहकाऱ्याकडे. हा इतका उंच होता की आज्या त्याला तोंडावरच ‘खांबसर’ म्हणायच्या.

निकाल चांगला आला. तोलाचे व्यायाम केलेल्या गटाचं डोलणं ठळकपणे कमी झालं होतं. सरांनी एका परिषदेत व्यायामांच्या नावांसह पानभर सारांश वाचला आणि टाळ्या घेतल्या. तिथंच वृद्धाश्रम चालवणाऱ्या एका मोठ्या संस्थेचे लोक त्यांना भेटले आणि सारांशाची प्रत घेऊन गेले. बाईंना हे सरांनी जाता जाता, जिन्यात सांगितलं. ऐकून बाईंना बरं वाटलं. मग दिवसभर कसलीतरी हुरहुर लागून राहिली, पण कसली ते काही कळेना.

पूर्ण पेपर जर्नलकडे गेला आणि परीक्षकांच्या शेऱ्यांसह परत आला. बाकीचे शेरे किरकोळ होते. एक मात्र जाड ठशात होता. व्यायाम कसे दिले हे सांगणारा भाग अपुरा आहे, लेखकांशी संपर्क न साधता दुसऱ्या संशोधकाला हा अभ्यास जसाच्या तसा करता यावा, इतका तपशील द्यावा.

तो भाग सरांनीच लिहिला होता. “प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली संतुलनाचे व्यायाम देण्यात आले. व्यायामाची काठिण्यपातळी टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आली.” संपलं. सर म्हणाले, आता तुम्हीच वाढवा बाई, व्यायाम तुम्हीच घेतलेत. दोन दिवसांचं काम आहे.

बाईंनाही तसंच वाटलं होतं. रोज हातानं केलेलं काम लिहायला कितीसा वेळ लागणार? पण लिहायला बसल्यावर एकेक वाक्य अडून बसू लागलं. ‘टप्प्याटप्प्याने’ म्हणजे कधी? त्यांना ते माणसाच्या चेहऱ्यावरून कळायचं. चेहऱ्याचं काय लिहिणार? मग त्यांनी आठवून आठवून नियम काढला. दोन्ही पाय जोडून, मग एक पाय पुढे, मग एका पायावर. प्रत्येक टप्प्यावर अर्धा मिनिट, लागोपाठ तीनदा, कुठेही न धरता जमलं, तरच पुढचा. आधी जमिनीवर, मग स्पंजच्या गादीवर. आधी डोळे उघडे, मग मिटून. बघता बघता दोन ओळींची तीन पानं झाली. वाचताना बाईंना स्वतःचंच कौतुक वाटलं.

ती पानं त्यांनी मावसबहिणीला पाठवली. मावसबहीण त्यांच्याहून बरीच लहान, दुसऱ्या गावी हेच काम करणारी आणि जिभेला हाड नसलेली. ती म्हणाली, वाचून काय सांगू? करून बघते. रविवारी येते तुझ्याकडे, नानांवरच करू. पण एक अट आहे, ताई. तू खोलीत बसायचं आणि एक अक्षर बोलायचं नाही. जर्नल म्हणतंय ना, संपर्क न साधता? मग तुझ्याशी संपर्क नाही.

नाना म्हणजे बाईंचे सासरे. निवृत्त भूमापक. जमिनीशी आयुष्यभर संबंध, आणि आता त्याच जमिनीवर जरा जपून चालायची वेळ. पडले कधी नव्हते, पण वळताना टेबलाची कड चाचपत. रविवारी सकाळी ते दाढी करून, स्वच्छ लेंगा घालून बैठकीच्या खोलीत येऊन उभे राहिले. “परीक्षा माझी की सूनबाईंच्या कागदांची?” त्यांनी विचारलं. कागदांची, असं कळल्यावर म्हणाले, मग मी नापास झालो तरी चालेल.

बाई कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसल्या. नवरा चहाचा कप घेऊन दारात टेकला. मावसबहिणीनं मधला टीपॉय मागे सरकवला, एका हातात पानं धरली आणि सुरुवात केली.

पहिल्याच मिनिटाला अडलं. नानांच्या पायात मोजे होते. बाईंकडे सगळे अनवाणी असायचे, ते इतकं उघड होतं की लिहायचं सुचलंच नव्हतं. मावसबहिणीनं पान वरखाली केलं, काही सापडलं नाही, आणि मोजे तसेच राहू दिले. गुळगुळीत फरशीवर मोजे. बाईंच्या घशाशी शब्द आला. मावसबहिणीनं त्यांच्याकडे न बघताच ओठांवर बोट ठेवलं.

दोन पाय जोडून जमलं. एक पाय पुढे, तेही जमलं. नाना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते, मग पंख्याकडे, मग सुनेकडे. नजर कुठे ठेवायची हे तिन्ही पानांत कुठेच नव्हतं. बाई नेहमी समोरच्या भिंतीवर कागदी ठिपका चिकटवत. तो ठिपका आता त्यांना डोळ्यांसमोर दिसू लागला, आणि लिहिताना न आठवलेल्या गोष्टी एकामागून एक आठवू लागल्या. खिडकीचा पडदा ओढलेला. रेडिओ बंद. माणूस तोल सांभाळत असताना त्याला प्रश्न विचारायचा नाही, कारण उत्तर शोधायला गेलेलं मन पायाकडून निघून जातं. मावसबहीण तर सारखी विचारत होती, “बरं वाटतंय ना नाना? गुडघा दुखतोय का?” आणि नाना प्रामाणिकपणे विचार करून उत्तरं देत होते.

मग गादी आली. बाईंनी लिहिलं होतं, ‘स्पंजची गादी’. मावसबहिणीनं तिच्या रुग्णालयातली आणली होती, बाईंच्या गादीपेक्षा दुप्पट जाड आणि लोण्यासारखी मऊ. नाना त्या गादीवर चढले तसे घोट्यापर्यंत रुतले. आता बोलावं का? पण अट होती. आणि अटीपेक्षाही काहीतरी जास्त होतं. त्यांना बघायचं होतं. आपण लिहिलेल्या पानांमुळे काय होतं ते बघायचं होतं, आणि ते बघण्याची भीतीही वाटत होती.

“आता डोळे मिटा,” मावसबहीण कागदावरून वाचत म्हणाली. ती नानांच्या समोर उभी होती. कुणीही समोरच उभं राहील. माणूस समोरच दिसतो.

नानांनी डोळे मिटले. क्षणभर ते ताठ राहिले. मग त्यांच्या घोट्यांत थरथर सुरू झाली, ती गुडघ्यांत चढली, आणि पंजे वर उचलले गेले. तोल गेला तो समोर नाही, मागे. मावसबहिणीनं हात पुढे केले, पण हातात पानं होती, आणि नाना तिच्यापासून दूर, मागच्या बाजूला, टीपॉयच्या दिशेनं कलत होते.

आपण खुर्चीतून कधी उठलो हे बाईंना नंतरही सांगता आलं नाही. त्यांचा हात नानांच्या दोन खांद्यांच्या मधोमध टेकला होता. धरला नव्हता, ढकलला नव्हता. नुसती बोटं टेकवली होती. नाना त्या बोटांवर आपसूक सावरले, जणू भिंत मिळाली. दारात नवऱ्याच्या हातातला चहा बशीत सांडला होता.

नाना खुर्चीत बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. मग मावसबहीण, आता थट्टेचा मागमूस नसलेल्या आवाजात, म्हणाली, “ताई, हा हात कागदावर कुठं आहे?”

“मागे तर उभं राहावंच लागतं गं. सगळेच राहतात.”

“मी नाही राहिले. बरं, मागे उभी राहतेस, ते कळलं. बोटं टेकवतेस? प्रत्येक वेळी?”

बाईंनी कधी मोजलं नव्हतं. कधी बघितलंही नव्हतं. स्वतःचा हात स्वतःला कुठे दिसतो? पण आठवत गेल्या तसं कळलं, की होय, प्रत्येक वेळी. डोळे मिटायला सांगितलं की हात जायचाच. इतका हलका, की वजन कुणाचंच पेलत नव्हता. पण एवढ्याशा स्पर्शानंही शरीराला सरळ म्हणजे काय ते कळतं आणि डोलणं कमी होतं, हे त्या स्वतःच विद्यार्थ्यांना शिकवत आल्या होत्या. म्हणजे बारा आठवडे या माणसांनी जो सराव केला तो नुसत्या व्यायामाचा नव्हताच. तो पाठीवरच्या हातासकट केलेला सराव होता. आणि त्यातला गुण व्यायामाचा किती नि हाताचा किती, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

त्या दिवशी जेवताना नाना नेहमीसारखे विनोद करत होते. बाई मात्र ताटाशेजारी ती पानं ठेवून समासात खुणा करत होत्या.

सोमवारी त्यांनी खांबसरांना फोन लावला. तो आता परदेशात नोकरीला होता. तू व्यायाम घेताना कुठे उभा राहायचास, असं विचारलं तेव्हा तो हसला. “समोर, मॅडम. माझे हात लांब आहेत ना, कुठूनही पोचतात.” हात लावायचास का? नाही, लावला तर व्यायाम कसला? म्हाताऱ्यांनी स्वतःच तोल शोधायला हवा. मग त्यानंच विचारलं, “त्या दोन आज्यांचं कळलं होतं ना तुम्हाला?”

बाईंना काहीच कळलेलं नव्हतं. त्याच्याकडच्या दोघी गादीवरून कलंडल्या होत्या. लागलं नव्हतं, त्यानं पकडलं होतं. पण दोघी घाबरल्या आणि यायच्या बंद झाल्या. त्यानं सरांना सांगितलं होतं. पेपरात त्यांची नोंद होती, ‘वैयक्तिक कारणाने अभ्यास सोडला’.

मग बाईंनी आकडे उघडले. कुणाचे व्यायाम कुणी घेतले याचा रकाना होताच, फक्त त्यावरून कुणी आजवर भाग पाडून बघितले नव्हते. त्यांनी तोलाच्या गटाचे पाडले. बाईंच्या माणसांचं डोलणं जितकं कमी झालं होतं, त्याच्या निम्म्यानंही खांबसरांच्या माणसांचं झालं नव्हतं. माणसं थोडी होती, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, हे बाईंनाही कळत होतं. पण पडद्यावरचे ते दोन आकडे बघताना त्यांना वाटलं, आपण एका मोठ्या घराच्या दारावर पाटी लावली आहे आणि आत खोली आहे की विहीर, ते बघितलेलंच नाही.

सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चष्मा पुसला. ते वाईट नव्हते, पण बढतीच्या वर्षात होते आणि पेपर स्वीकारला जाण्याच्या बेतात होता. त्यांचं म्हणणं असं, की मोजे, ठिपका, पडदा हे सगळं लिहीत बसलं तर वाचणार कोण? आणि हाताचं लिहिलं तर परीक्षक विचारतील, मग तुम्ही नेमकं काय तपासलंत?

“विचारू देत,” बाई म्हणाल्या. “वाचणाऱ्याला नुसतं वाचायचं नाही सर, करायचं आहे. आणि करताना कुणाच्या तरी आईला गादीवर उभं करायचं आहे.”

शेवटी सर म्हणाले, लिहा. मुख्य मजकुरात थोडक्यात, बाकी सगळं पुरवणीत.

पुरवणी पेपराहून लांब झाली. गादीची जाडी, तिचा घट्टपणा, कुठल्या प्रकारचा स्पंज. अनवाणी पाय. ठिपक्याची उंची नजरेला समांतर. एका वेळी एकच व्यक्ती. व्यायाम घेणाऱ्यानं मागे, कमजोर बाजूला, हाताच्या अंतरावर उभं राहायचं. कुठल्या टप्प्यावर बोटं कुठे टेकवली, आणि स्पर्शाचा जोर मोजलेला नाही, हेही. दोन थेरपिस्टांच्या पद्धतीत फरक होता, तो आधी ठरलेला नव्हता आणि नंतर लक्षात आला, हेही. दोघी कलंडल्या आणि म्हणून अभ्यास सोडून गेल्या, हेही. प्रत्येक मसुदा मावसबहीण तिच्याकडच्या नव्या सहकाऱ्यांना द्यायची. ते आळीपाळीनं एकमेकांवरच करून बघायचे, अडले की अडलेली जागा लिहून पाठवायचे. पाचव्या मसुद्याला कुणी अडलं नाही.

पण तो पानभराचा सारांश कधीच बाहेर गेला होता. बाईंनी सरांना सांगितलं, त्या संस्थेला कळवा. सर हो म्हणाले. पुन्हा सांगितलं, पुन्हा हो म्हणाले. मग बाईंनी स्वतःच पत्र पाठवलं. चार ओळींचं उत्तर आलं. आपल्या सूचनेबद्दल आभार, उपक्रम समाधानकारकरीत्या सुरू आहे.

त्या संस्थेचा एक आश्रम बसनं तासाभराच्या अंतरावर होता. बाई सुट्टी टाकून गेल्या. झाडलोट केलेलं अंगण, कुंड्या, फिनाइलचा वास. कुणीतरी मोठ्यानं आकडे मोजत होतं, त्या आवाजाच्या दिशेनं त्या गेल्या. दिवाणखान्यात दहा-बारा आज्या-आजोबा एका ओळीत उभे होते, प्रत्येकाच्या पायाखाली रंगीत गादी. पायात मोजे, चपला, ज्याचं जे असेल ते. समोर एक हसतमुख मुलगी आकडे मोजत होती. तिच्या मागे भिंतीवर मोठा छापील तक्ता होता. पाय जोडून, पाय पुढे, एका पायावर, डोळे मिटून. खाली बारीक अक्षरात ‘संशोधनावर आधारित’ आणि लेखकांची नावं. बाईंचं नाव दुसरं होतं.

त्या ओळीच्या मागे कुणीच नव्हतं. मोकळी फरशी आणि थोड्या अंतरावर लाकडी बाक.

“आता डोळे मिटायचे,” मुलगी म्हणाली, आणि सगळ्यांनी विश्वासानं मिटले.

बाई न विचारता आत शिरल्या आणि ओळीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. दोन हात, आणि बारा पाठी. सगळ्यात टोकाची आजी हलू लागली तेव्हा त्या धावल्या आणि पोचल्या. त्या वेळी तरी पोचल्या.

मुलगी भली होती. बाई कोण ते कळल्यावर तिनं तक्त्यावरचं नाव बघून नमस्कारच केला. तक्त्यात आहे ते सगळं आम्ही तसंच करतो, ती म्हणाली. आणि ते खरं होतं, ती तक्त्यात होतं तेवढंच करत होती. कुणी पडलं का, असं बाईंनी विचारलं. दोघं पडले होते. एका आजोबांचं खुब्याचं हाड मोडलं, ते परत आले नाहीत. वय झालं होतं त्यांचं, ती म्हणाली. बाईंनी तिला पुरवणीची पानं दिली, मागे उभं राहून, बोटं टेकवून दाखवलं. वाचता वाचता मुलीचा चेहरा पांढरा पडत गेला. तो तक्ता तिनं त्याच दिवशी उतरवला. बाकीच्या आश्रमांचं तिला काही माहीत नव्हतं. पुष्कळ आहेत, एवढंच म्हणाली.

पेपर यथावकाश छापून आला, पुरवणीसकट. सरांना बढती मिळाली. वर्षभरानं दुसऱ्या देशातल्या एका गटानं तोच अभ्यास करून बघितला, हातासकट आणि हाताशिवाय. त्यांनी बाईंना एकही पत्र लिहिलं नाही, एकही शंका विचारली नाही. त्यांचा पेपर जर्नलमध्ये बघितला तेव्हाच बाईंना कळलं. हाताशिवाय फायदा थोडाच, आणि पडण्याचे प्रसंग जास्त. मावसबहिणीनं फोन करून अभिनंदन केलं. बाईंनी ते घेतलं, पण आवाजात आनंद नव्हता.

कारण तोवर त्यांनी फोन लावायला सुरुवात केली होती. संस्थेनं यादी दिली नाही, तेव्हा नाना चष्मा लावून बसले आणि जाहिरातींतून, ओळखीपाळखीतून एकेका आश्रमाचा नंबर काढू लागले. दुपारच्या सुट्टीत बाई फिजिओथेरपीच्या खोलीत, रिकाम्या गाद्यांच्या मधे बसून नंबर फिरवत. कुठे तक्ता उतरवला असं सांगत, कुठे वरिष्ठांना विचारतो म्हणत, कुठे फोन नुसताच वाजत राही.

परवा एका नव्या नंबरावर फोन लगेच उचलला गेला. बाईंनी आपलं नाव सांगितलं आणि व्यायाम घेणाऱ्यांशी बोलायचं आहे म्हणाल्या. पलीकडून मोठ्यानं आकडे मोजल्याचा आवाज येत होता.

“त्या जरा कामात आहेत हो,” फोनवरचा माणूस आदबीनं म्हणाला. “सगळे डोळे मिटून एका पायावर उभे आहेत. थोडं थांबता का?”